आरोग्य विम्याच्या तुलनेच्या इन्फोग्राफिकमध्ये या चुका टाळा: टिकमार्कमागे मर्यादा लपते

ग्राहकाला दोन-तीन प्लॅनची तुलना एका चित्रात दाखवायची म्हटली की आपण आडवे रकाने आखतो आणि प्रत्येक सोयीपुढे बरोबरची हिरवी खूण करतो. खोलीभाडे, हो. शस्त्रक्रिया, हो. सगळीकडे हो दिसलं की ग्राहक प्रीमियमची ओळ बघतो आणि स्वस्त प्लॅन उचलतो. मी सुरुवातीला अशीच चित्रं पाठवायचो आणि क्लेमच्या वेळी लोकांची नाराजी ऐकायचो.

खोलीभाड्याचंच घ्या. प्लॅन 'अ'मध्ये भाड्याला मर्यादा आहे, को-पे, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा ग्राहकाने भरायची अट, नाही. प्लॅन 'ब'मध्ये मर्यादा नाही, पण २० टक्के को-पे आहे. बिल १०० भागांचं धरू: खोली २०, डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटर ५०, औषधं ३०. ग्राहकाने मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर 'अ'मध्ये खोलीचे फक्त १० भाग मिळतात. एवढ्यावर थांबत नाही. प्रमाणशीर कपातीची, म्हणजे खोलीभाड्याच्या प्रमाणातच बाकी खर्चही कापण्याची अट असेल तर डॉक्टर-थिएटरचेही निम्मेच, म्हणजे २५ मिळतात. औषधांना ही कपात सहसा लागत नाही, तरी पॉलिसीची शब्दरचना वाचूनच लिहावं. एकूण मिळाले ६५, खिशातून गेले ३५. 'ब'मध्ये खिशातून २०. तीच खोली मर्यादेत घेतली असती, तर 'अ'मध्ये या तीन खर्चांपैकी काहीच भरावं लागलं नसतं.

म्हणून खुणेच्या जागी मर्यादाच लिहा आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात 'तुमच्या खिशातून किती' ही ओळ ठेवा, दोन परिस्थितींसाठी: खोली मर्यादेत आणि मर्यादेबाहेर. ग्राहक तिथेच थांबतो आणि विचारतो, 'मी कुठली खोली घेईन?' निर्णय त्या प्रश्नावर होतो.

प्रीमियमची ओळ त्याखाली, आणि ती समान पायावर: तेच वय, तेच सदस्य, तीच विमा रक्कम. एका प्लॅनला पाच आणि दुसऱ्याला दहा लाखांचं कव्हर धरून केलेली तुलना मी अजूनही पाहतो. ती ग्राहकाची फसवणूकच ठरते, हेतू कितीही चांगला असो. आधीच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी मात्र वर्षांच्या आडव्या पट्टीने दाखवा, लांबी डोळ्यांना पटकन कळते.

लाल-हिरवा रंग चांगलं-वाईट सांगायला वापरू नका. काहींना हा फरक दिसतच नाही, शिवाय कोणासाठी काय चांगलं हे आपण आधीच ठरवून टाकतो.

शेवटची तपासणी फोनवर. १०८० पिक्सेल रुंदीच्या उभ्या चित्रात तीनपेक्षा जास्त प्लॅन मावत नाहीत, आणि ३६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षर वाचायला झूम करावं लागतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास चित्र दाबलं जातं, बारीक आकडे पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोपऱ्यात तारीख घाला. अटी बदलल्या की जुनं चित्र कुणीतरी पुढे पाठवतंच.