पार्लरसाठी कर्ज: खुर्ची घेण्याआधी अर्ज

भिलवडीतली एक मैत्रीण कोर्स संपल्या संपल्या खुर्ची, आरसा, फेशियल बेड घेऊन मोकळी झाली. मग अनुदानाची चौकशी करायला गेली, तेव्हा कळलं की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) फक्त नव्या व्यवसायाला आहे. चालू पार्लरला त्यातून अनुदान मिळत नाही. म्हणून आधी अर्ज, मग खरेदी.

ही योजना 2025-26 पर्यंत मंजूर होती, त्यामुळे kviconline.gov.in वर नवे अर्ज चालू आहेत का ते पहिल्यांदा बघा. सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात गेलात तर राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचीही माहिती विचारून घ्या.

आता हिशेब. समजा पार्लरचा एकूण खर्च 3 लाख आहे. त्यात 2,20,000 यंत्रं-फर्निचरचे आणि 80,000 मालाचे नि खेळत्या भांडवलाचे. पीएमईजीपीत बाईला स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 15,000 घालावे लागतात. बाकीचे 2,85,000 बँक देते. दुकान ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर अनुदान 35 टक्के, म्हणजे 1,05,000. तेच दुकान सांगली शहरात काढलं तर 25 टक्के, 75,000. तुम्ही राहता कुठे हे इथे बघत नाहीत, दुकान कुठे आहे ते बघतात.

अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे ठेव म्हणून राहतं आणि पार्लर चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं आणि पॅनवर तिसरंच काहीतरी. अर्जाआधी आधार आणि पॅन एकसारखं करून घ्या. जुन्या कागदाशी जोड दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो, नाहीतर राजपत्र.

दुसरं, कोटेशन. ते दुकानदाराच्या लेटरहेडवर, जीएसटी क्रमांक आणि तारखेसह, तुमच्या नावानं हवं. प्रकल्प अहवालातले आकडे त्याच्याशी तंतोतंत जुळवा. अहवालात दोन खुर्च्या आणि कोटेशनमध्ये तीन असतील, तर फाइल परत येते. यांच्यासोबत भाडेकरार, शिक्षणाचा दाखला, कोर्सचं प्रमाणपत्र आणि गावातल्या दुकानासाठी ग्रामीण भागाचा दाखला जोडा. महिला म्हणून विशेष प्रवर्गात बसताच, त्यासाठी वेगळा जातीचा दाखला लागत नाही.

मायक्रोफायनान्सचा एखादा हप्ता थकला असेल तर तो आधी भरा. सिबिलमध्ये तो दिसतो आणि फाइल तिथेच थांबते.

सामान आधीच घेतलं असेल तर मुद्रा कर्ज बघा. 50,000 पर्यंत शिशु, त्यापुढे 5 लाखांपर्यंत किशोर. तारण नाही, पण अनुदानही नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी लागली तर ती udyamregistration.gov.in वर फुकट होते. मैत्रिणीकडून याच नोंदणीचे कुणीतरी 1,500 रुपये घेतले होते.