ध्वनी मण्यांसारखे ओवलेले नसतात: रेकॉर्डिंग कापताना आणि मोजताना या चुका टाळा

भाषाविज्ञानाचा अभ्यास करताना, आवाजाचा डेटा लेबल करताना किंवा हौसेनं रेकॉर्डिंगशी खेळताना एक प्रयोग बहुतेक जण करून बघतात. ‘का’ रेकॉर्ड करायचा, त्यातला ‘क’ कापायचा आणि ‘ई’च्या पुढे चिकटवून ‘की’ तयार करायची. कागदावर यात काहीच अडचण दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र भलतंच काहीतरी ऐकू येतं आणि माणूस कात्रीला दोष देतो. कात्रीचा दोष खरा, पण फार थोडा. मूळ गडबड ही की माळेतला मणी सुटावा तसा ‘क’ सुटून येईल असं आपण गृहीत धरलेलं असतं. बोलताना शेजारशेजारच्या ध्वनींच्या हालचाली एकाच वेळी चाललेल्या असतात. यालाच सहउच्चारण म्हणतात. ‘कोआर्टिक्युलेशन’ ही संज्ञा मेन्झेराथ आणि द लासेर्दा यांच्या १९३३ सालच्या जर्मन पुस्तकातून रूढ झाली.

चूक पहिली: ‘क’ सगळीकडे एकच समजणं

आधी तोंडातच बघा. ‘की’ म्हणायच्या तयारीत या आणि अगदी सुटण्याआधी थांबा. आता गळ्यातून आवाज न काढता फक्त अडवलेली हवा सोडा. मग तेच ‘कू’च्या तयारीत करा. पहिला आवाज पातळ आणि उंच येतो, दुसरा जाड आणि खोल. दोन्ही वेळा तुम्ही ‘क’च म्हणत होतात, स्वर तर अजून सुरूही झाला नव्हता. पण ‘की’साठी जीभ टाळूला पुढे सरकून टेकली होती, आणि ‘कू’साठी ती मागे होती आणि ओठही आधीच गोल झाले होते. येणाऱ्या स्वराची तयारी व्यंजनातच झालेली असते. हे पूर्वगामी, म्हणजे आधीच सुरू होणारं सहउच्चारण.

स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाची ऊर्जा कोणत्या क्षणी किती हर्ट्झवर आहे ते दाखवणाऱ्या चित्रात, हेच दिसतं. ‘क’मध्ये आधी शांतता असते, मग हवेचा छोटासा स्फोट, आणि मराठीच्या अल्पप्राण ‘क’मध्ये त्यानंतर थोड्याच मिलिसेकंदांत स्वराचा घोष सुरू होतो. ‘की’मधल्या स्फोटाची ऊर्जा साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास गोळा होते, ‘कू’मध्ये ती हजार हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली उतरते आणि ‘का’ मध्ये कुठेतरी बसतो. नेमके आकडे बोलणाऱ्यागणिक बदलतात, हा क्रम मात्र टिकतो.

म्हणजे ‘का’मधून कापलेला स्फोट ‘ई’पुढे लावला की कानाला नको तो संकेत मिळतो. १९५२ साली अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत लिबरमन, देलात्र आणि कूपर यांनी हे कृत्रिम आवाजावर दाखवून दिलं. १४४० हर्ट्झच्या आसपासचा एकच स्फोट त्यांनी वेगवेगळ्या स्वरांपुढे लावला. ‘आ’पुढे लोकांना तो ‘क’ वाटला, ‘ई’ आणि ‘ऊ’पुढे ‘प’. आवाज तोच होता, फक्त शेजारी बदलला होता.

तेव्हा चिकटवलेल्या ‘की’मध्ये ‘पी’ किंवा ‘ती’चा भास झाला, तर आधी स्फोटाची उंची तपासा. ज्या स्वरापुढे लावायचा आहे त्याच स्वराच्या आधीचा स्फोट घ्या. ‘की’साठी ‘की’मधला, निदान ‘के’मधला.

चूक दुसरी: सीमारेषेवर कापणं

चुकीचा स्फोट टाळला तरी प्रश्न राहतोच, की कापायचं कुठे. लेबल करताना आपण व्यंजन आणि स्वर यांच्यात एक उभी रेघ मारतो. रेघ मारायलाच हवी, नाहीतर कालावधी मोजायचा कसा? पण ती हिशेबाची सोय आहे. रेघेच्या डावीकडे फक्त व्यंजन आणि उजवीकडे फक्त स्वर, असं ध्वनीत काही नसतं.

‘दी’ आणि ‘दू’ घ्या. हॅस्किन्सच्याच गटाच्या १९६७ सालच्या प्रसिद्ध लेखातल्या आकृतीत ‘दी’चा दुसरा फॉर्मंट सुमारे २२०० हर्ट्झवरून २६०० वर चढतो, आणि ‘दू’चा सुमारे १२०० वरून ७०० वर उतरतो. फॉर्मंट म्हणजे तोंडाच्या पोकळीच्या अनुनादामुळे उठून दिसणारा पट्टा. एकीकडे चढ, एकीकडे उतार, आणि कान मात्र दोन्हीकडे ‘द’च ऐकतो. शिवाय हा चढ-उतार ‘द’चाही आहे आणि स्वराचाही: तो कुठून सुरू होतो ते बहुतांशी व्यंजन ठरवतं, आणि कुठे पोचतो ते स्वर.

याचा पडताळा स्वतःच घेता येतो. ‘दी’चं रेकॉर्डिंग शेवटाकडून थोडं थोडं कापत जा आणि दर वेळी ऐका. बराच वेळ आखूड होत जाणारी ‘दी’च ऐकू येते. मग एका टप्प्याला ती एकदम तुटते आणि उरते ती चिवचिव किंवा नुसती टिचकी. मधे कुठेही निखळ, स्वराविना ‘द्’ मिळत नाही. लिहिताना आपण पाय मोडून तो वेगळा करतो, कात्रीला ते जमत नाही.

तुकडे जोडून कृत्रिम बोलणं तयार करणाऱ्यांनी यातून शहाणपणाची वाट काढली. पीटरसन, वांग आणि सिव्हर्टसेन यांनी १९५८ मध्ये मांडलेली कल्पना अशी की कापायचं ते ध्वनीच्या मध्यावर, जिथे फॉर्मंट तुलनेनं स्थिर असतात. तुकड्यात अर्धा ध्वनी, त्याच्याकडून पुढच्या ध्वनीकडे जाणारं पूर्ण संक्रमण आणि पुढचा अर्धा ध्वनी येतो. सगळी भानगड संक्रमणात असते आणि ते अख्खं शाबूत राहतं. आपल्या ‘की’चंही असंच करा: स्फोटापासून ‘ई’च्या मध्यापर्यंतचा तुकडा एकत्रच घ्या.

आता तो कात्रीचा थोडासा दोष. जोडाच्या ठिकाणी ‘टक्’ असा आवाज येत असेल तर लाट शून्यावर नसताना कापली गेली आहे. ध्वनींच्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राट या सॉफ्टवेअरमध्ये `Move start of selection to nearest zero crossing` आणि शेवटासाठी त्याचीच जोडीदार आज्ञा वापरा. टकटक गेली आणि तरीही अक्षर चुकीचं ऐकू येत असेल, तर कारण सहउच्चारण.

चूक तिसरी: दिशा न तपासता निष्कर्ष काढणं

परिणाम दोन दिशांनी होतो. येणाऱ्या ध्वनीची तयारी आधीच सुरू होते, तो पूर्वगामी. होऊन गेलेला ध्वनी पुढच्यात रेंगाळतो, तो अनुगामी. दोन्हींची कारणं अगदी सारखी नाहीत. जीभ, ओठ आणि मृदुतालू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, यांना वजन आहे, क्षणात जागा बदलणं त्यांना शक्य नसतं. रेंगाळण्याचा बराचसा भाग त्यामुळे येतो. पूर्वतयारीत मात्र बोलण्याचं नियोजन दिसतं, कारण अजून न आलेल्या ध्वनीसाठी ओठ आपसूक गोल होत नाहीत. तरी ‘अनुगामी म्हणजे निव्वळ जडत्व’ असं सरसकट लिहू नका. वेगवेगळ्या भाषांत दोन्हींचं प्रमाण वेगळं आढळतं, आणि केवळ स्नायूंच्या मंदपणानं ते समजावता येत नाही.

नेहमीची चूक अशी: ‘सू’मधला ‘स’ खाली उतरलेला दिसला की ‘ऊमुळे झालं’ म्हणून मोकळं व्हायचं, आणि ‘स’च्या आधी काय होतं ते बघायचंच नाही. त्याऐवजी तीन शब्द घ्या: ‘असा’, ‘असू’, ‘उसा’. पहिला तुलनेसाठी, दुसऱ्यात गोल स्वर ‘स’च्या नंतर, तिसऱ्यात आधी. प्रत्येक शब्द एकाच वाक्यात, एकाच वेगानं, बऱ्याच वेळा रेकॉर्ड करा. मग प्रत्येक ‘स’चे तीन सारखे भाग करून पहिल्या आणि शेवटच्या भागाचा वर्णपट वेगळा काढा, आणि `Get centre of gravity...` वापरून ऊर्जा कुठे केंद्रित आहे ते बघा.

ओठ गोल झाले की दातांपुढची पोकळी लांबते आणि ‘स’ची सरसर खालच्या पट्टीत येते. त्यामुळे ‘असू’मध्ये ‘असा’च्या मानानं शेवटचा भाग जास्त उतरलेला मिळायला हवा, आणि ‘उसा’मध्ये पहिला भाग उतरलेला आणि मग सावरलेला. ‘असू’मधला पहिला भागही उतरलेला मिळाला तर गोंधळू नका. ओठांची तयारी बरीच आधी सुरू होऊ शकते. स्वराआधी तीन-चार व्यंजनं असतील तर त्या सगळ्यांतून ती पसरलेली इंग्रजीच्या अभ्यासात दिसली आहे. ‘सरासरी स’ काढला की हे सगळं एका आकड्यात विरघळून जातं.

अनुनासिकाचंही असंच. ‘पान’मधल्या ‘आ’चा उत्तरार्ध नाकातून येतो, कारण ‘न’साठी मृदुतालू आधीच खाली उतरायला लागलेला असतो. ‘नाट’मध्ये उलट, ‘आ’चा पूर्वार्ध नाकातला. लेबल करणारे अशा ‘आ’वर अनुस्वार देतात किंवा रेकॉर्डिंग खराब समजून टाकून देतात. दोन्ही करू नका.

चूक चौथी: ‘माझा–माझी’ हे सहउच्चारणाचं उदाहरण म्हणून देणं

मराठी लेखनात हे फार आढळतं. ‘माझा’मधला झ दंततालव्य आणि ‘माझी’मधला तालव्य; तसंच ‘असा–अशी’, ‘कसा–कशी’. बदल ‘ई’मुळे झाला आहे हे खरं, आणि कधीकाळी त्याची सुरुवात सहउच्चारणातून झाली असावी हे पटण्याजोगंही आहे. पण आज तो भाषेचा नियम आहे. ‘असा–अशी’मध्ये तर आपण अक्षरच बदलतो.

फरक ओळखायला ‘माझी’ अगदी सावकाश म्हणा, ‘मा’ आणि ‘झी’ यांत थांबा घेऊन. झ तालव्यच राहतो. ‘पान’ तसंच तोडून म्हटलं तर ‘आ’मधला नाकाचा अंश घटतो. मात्र ही एकच चाचणी पुरत नाही, कारण ‘की’मधला पुढचा ‘क’ सावकाश बोलतानाही पुढेच राहतो. म्हणून सोबत मोजमाप हवं. का, के, की, को, कू या सगळ्यांतले स्फोट मोजून एका रेषेवर मांडले तर ते स्वरांप्रमाणे थोडे थोडे सरकत पसरलेले दिसतात. ‘माझा, माझं, माझी, माझे’मधल्या ‘झ’चे मात्र स्पष्ट दोन गट पडतात, आणि मधली जागा जवळपास रिकामी राहते.