सेफ्टी डोअर असलेल्या फ्लॅटचं दार: पाटी, तोरण आणि उंबरठा

गंगापूर रोडच्या एका फ्लॅटचं हे दार. आतलं दार आत उघडतं, सेफ्टी डोअर बाहेर. तक्रार अशी, की पाटी दर पावसाळ्यात पडते आणि रांगोळी दुपारपर्यंत टिकत नाही.

पडलेल्या पाटीची डबल टेप उलटून पाहिली, तर तिच्यावर पांढरी भुकटी होती. म्हणजे टेप सुटली नव्हती, डिस्टेंपरचा थर सुटला होता. तिथे कितीही महाग टेप लावा, उपयोग नाही. आठ बाय चार इंची पितळी पाटीसाठी सहा मिलिमीटरची दोन भोकं पाडली, गिट्टी ठोकली आणि स्क्रू पिळले. पाटीचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर, बेलच्या बाजूच्या भिंतीवर घेतला. दारावर लावली असती, तर जाळीआड नाव वाचताच आलं नसतं.

तोरण दोन दारांच्या मधल्या फटीत होतं, म्हणून झेंडू चेंगरायचा. आता ते बाहेरच्या चौकटीवर, दोन टोकांच्या हुकांना आहे. त्याची झालर चार इंचांची पुरते. लांब असली की उंच पाहुण्याच्या कपाळाला लागते. दसऱ्याचं तोरण मात्र सुकलं की काढायचं, दिवाळीपर्यंत लोंबकळत ठेवायचं नाही.

रांगोळीसाठी सेफ्टी डोअर पूर्ण उघडून, त्याच्या कडेखाली खडूने कमान ओढली. रांगोळी कमानीबाहेर, भिंतीलगत, वीतभरच. पायपुसणंही पातळ हवं, नाहीतर दार त्यावर अडतं. चपलांचा स्टँड आत गेला, आणि निम्मी सजावट तिथेच झाली.