‘एनीबडी डिडन्ट कम’ का चुकतं? इंग्रजी नकार नीट बांधण्याची रीत

‘काल ऑफिसात कोणीही कोणाला काहीही सांगितलं नाही.’ हे वाक्य इंग्रजीत न्यायला घेतलं की आपल्याकडचे बरेच जण ‘एनीबडी डिडन्ट टेल एनीबडी एनीथिंग’ म्हणतात. शब्द सगळे बरोबर, तरी वाक्य चूक. मराठीत नकार शेवटी आला तरी चालतो, कारण ‘कोणीही’ त्याची वाट बघत आधी येऊन बसू शकतो. इंग्रजीतल्या ‘एनी’ला मात्र नकार आपल्या आधी लागतो.

म्हणून आधी वाक्यात नकार एकदाच ठेवायचा आणि तो जमेल तितका पुढे आणायचा. इथे कर्ताच ‘कोणीही नाही’ असा आहे, तेव्हा नकार कर्त्यातच घाला: ‘नोबडी’. मग क्रियापदातला ‘डिडन्ट’ काढून टाका, साधं ‘टोल्ड’ ठेवा. नकारानंतर जे जे येईल ते ‘एनी’चं: ‘नोबडी टोल्ड एनीबडी एनीथिंग यस्टरडे.’ एका नकारावर दोन्ही ‘एनी’ निभावतात. कर्ता ठरलेला असेल तर नकार क्रियापदाजवळ राहू द्या: ‘शी डिडन्ट टेल एनीबडी एनीथिंग.’

आता दुहेरी नकार. ‘आय डोन्ट नो नथिंग’ हे प्रमाण इंग्रजीत चूक धरतात. 18व्या शतकातले व्याकरणकार रॉबर्ट लोथ यांनी दोन नकार एकमेकांना खोडतात, असा नियम मांडला. पण लंडनच्या कॉकनीत किंवा आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मला काहीच माहीत नाही’ असाच होतो, आणि तो तिथला नियमित प्रयोग आहे. त्याला अडाणीपणा म्हणू नये. परीक्षेत आणि अर्जात मात्र टाळावा.

शेवटी तपासणी. ‘एनी’ किंवा ‘एव्हर’ दिसला की त्याच्या आधी आधार शोधा. तो ‘नॉट’च असेल असं नाही. ‘विदाउट’, ‘हार्डली’, ‘इफ’, ‘डाउट’ किंवा प्रश्न, यांतलं काहीही चालतं: ‘ही लेफ्ट विदाउट सेइंग एनीथिंग’, ‘हॅव यू एव्हर बीन टु गोवा?’ आधार नसेल तर वाक्य कोसळतं. ‘आय हॅव एव्हर बीन टु गोवा’ असं कोणी म्हणत नाही. तिथे ‘एव्हर’ काढायचा. सर्वांत बारीक फरक ‘फ्यू’चा. ‘फ्यू पीपल सेड एनीथिंग’ चालतं, कारण त्यात ‘फारसं कोणी नाही’ असा नकार लपलेला आहे. ‘अ फ्यू पीपल सेड एनीथिंग’ चालत नाही. तिथे ‘समथिंग’ हवं.

एक सूट लक्षात ठेवा. ‘एनीबडी कॅन डू इट’मध्ये आधार नाही, तरी वाक्य बरोबर आहे. इथे ‘एनी’चा अर्थ ‘वाटेल तो’ असा आहे आणि ‘कॅन’मुळे तो तिथे शोभतो. ‘एनीबडी डिड इट’ म्हणालात तर तो अर्थ टिकत नाही.