डोपामिन-सेरोटोनिनचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

कोल्हापुरात एम.एस्सी.च्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवताना एक प्रश्न असतो: मेंदूत टायरोसिनपासून डोपामिन आणि ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनण्याचा वेग कोणती पायरी ठरवते? उत्तरात दरवर्षी एक वाक्य वहीत सापडतं: ‘डिकार्बॉक्सिलेज दोन्ही मार्गांत आहे, म्हणून तेच वेग ठरवतं.’ हे चूक आहे. डोपापासून डोपामिन आणि ५-हायड्रॉक्सीट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हेच एन्झाइम बनवतं हे खरं, पण ते मुळीच अडत नाही. उंदरांच्या मेंदूत औषधाने ते बंद केलं की ही दोन्ही मधली रसायनं साचत जातात. एरवी ती जेमतेम सापडतात, कारण तयार होताच पुढे जातात. याचा अर्थ वेग त्याआधीच ठरलेला असतो: टायरोसिन हायड्रॉक्सिलेज आणि ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज या पहिल्या पायरीच्या एन्झाइम्सपाशी.

दुसरी चूक जास्त अवघड आहे. दोन्ही पहिली एन्झाइम्स एकाच घराण्यातली, दोघांनाही लोह, ऑक्सिजन आणि टेट्राहायड्रोबायोप्टेरिन लागतं. म्हणून मुलं दोघांना एकच नियम लावतात. एका मुलीने विचारलं, “सर, काल घरी तांबडा-पांढरा होता. मटणात ट्रिप्टोफॅन असतं, मग सेरोटोनिन वाढलं असेल ना?”

फळ्यावर हिशोब मांडला. तिने मटणातून 30 ग्रॅम प्रथिनं खाल्ली असं धरू. त्यात ट्रिप्टोफॅन साधारण 1 टक्का, म्हणजे 300 मिलिग्रॅमच्या आसपास. पण मेंदूत जायचं वाहक-प्रथिन एकच, आणि त्याच दारात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फिनाइलअॅलनिन हेही उभे. ते सगळे मिळून 7 ग्रॅमच्या आसपास. रक्तात ट्रिप्टोफॅन वाढलं, तरी या गर्दीत त्याचा वाटा घटतो. नुसता भात खाल्ला तर उलट होतं: इन्सुलिन या गर्दीतल्या ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन या शाखायुक्त अमिनो आम्लांना स्नायूंत ढकलतं आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. अर्थात भातासोबत थोडी प्रथिनं आली तरी हा फरक पुसला जातो.

वाटा घटला की सेरोटोनिनवर परिणाम का होतो? कारण ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज मेंदूत पूर्ण भरलेलं नसतं, कच्चा माल कमी-जास्त झाला की त्याचा वेग बदलतो.

टायरोसिन हायड्रॉक्सिलेज मात्र बहुतेक वेळा जवळपास भरलेलंच असतं. त्याचा ब्रेक दुसरा आहे. डोपामिन जमलं की ते एन्झाइममधल्या लोहाला चिकटतं आणि टेट्राहायड्रोबायोप्टेरिनला जागा देत नाही. पेशी जोरात संदेश पाठवू लागली की एन्झाइमच्या ४० व्या सेरीनवर फॉस्फेट बसतो आणि हा ब्रेक सुटतो. अशा वेळी जास्तीचं टायरोसिन थोडं उपयोगी पडू शकतं, एरवी फारसं नाही.

पार्किन्सनच्या रुग्णाला टायरोसिन नव्हे, लेव्होडोपा म्हणजे तयार डोपाच देतात, ते यामुळेच: अडलेली पायरी ओलांडलेली असते. सोबत कार्बिडोपा असतं, जे मेंदूत शिरत नाही आणि बाहेरचं डिकार्बॉक्सिलेज रोखतं. नाहीतर बराचसा डोपा वाटेतच डोपामिन होऊन मळमळ देतो.