पातळ शी म्हणजे पोट साफ झालं असं नाही (नवीन केअरगिव्हरसाठी)

बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांसोबत काम सुरू केलं असेल तर ग्लोव्हज, पॅड बदलणं, दार लावून घेणं, टॉयलेटच्या वेळा हे सगळं ट्रेनिंगमध्ये झालंच असेल, त्यात मी शिरत नाही. मला एकाच गोष्टीवर लिहायचंय, कारण त्यात मी आणि आमची अख्खी टीम फसलो होतो आणि आजही नव्या माणसाला ती कोणी नीट बसवून सांगत नाही. बद्धकोष्ठता असलेल्या माणसाला पातळ शी होते. अगदी पॅडच्या बाहेर येईल इतकी. आणि ते जुलाब नसतात!

आत काय होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे पाठ करावं लागणार नाही. शी गुदाशयात अडकून राहिली की आतडं तिच्यातलं पाणी ओढत राहतं, ती कडक होत जाते आणि शेवटी एवढा मोठा गोळा होतो की तो बाहेरच पडत नाही. वरून येणारा मळ अजून पातळ असतो, त्याला वाट हवी असते, मग तो गोळ्याच्या कडेकडेने झिरपतो. त्यात गुदाशय ताणून ताणून सैल पडलेलं असतं, भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट जात नाही, त्यामुळे शी आली हे त्या माणसालाच कळत नाही. डॉक्टर याला ओव्हरफ्लो म्हणतात. "मुद्दाम करतो" असं म्हणणारे सीनियर भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आमच्याकडचे एक काका, चाळिशी ओलांडलेले, बोलत नाहीत, फिटची आणि वर्तनासाठीची अशी दोन्ही औषधं चालू. यातली बरीच औषधं आतडं मंद करतात, त्यामुळे रोजचं पोट साफ होण्याचं औषधही लिहून दिलेलं होतं. चार्टवर आधी काही दिवस शीचे प्रकार सांगणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातला टाइप १, म्हणजे सुटे कडक खडे, तेही थोडेसेच. मग एक दिवस कोरा. मग अचानक टाइप ७, नुसतं पाणी, दिवसातून चार-पाच वेळा. शिफ्टवाल्याने काय केलं, जे कोणीही करेल तेच, रोजचं औषध थांबवलं आणि हँडओव्हरमध्ये "लूज मोशन" लिहिलं. पुढच्या शिफ्टने तेच पुढे ढकललं. आता हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले असते तर दिसलं असतं की खडे, कोरा दिवस, मग पाणी, हा क्रम जुलाबाचा नाही. पण प्रत्येक जण फक्त स्वतःचं पान बघत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नुसतं "झाली" लिहायची सवय. किती, कशी, जोर करून की झोपेत, हे लिहिलं नाही तर त्या चार्टचा काही उपयोग नाही, माझं स्पष्ट मत आहे.

काका मात्र सांगत होते, त्यांच्या पद्धतीने. दोन-तीन घासांत ताट ढकलायचे. खुर्चीत एका कुल्ल्यावर तिरके बसायचे. रात्री उठून फेऱ्या, मांडीवर बुक्क्या. मध्येच टाचा उचलून, पाय आवळून ताठ उभे राहायचे, आणि इथे बहुतेक जण चुकतात कारण ते जोर करताहेत असं वाटतं, पण ते खरं म्हणजे आवरून धरणं असतं, मागे कधीतरी दुखलेलं असतं म्हणून. शिवाय बोट घालणं आणि भिंतीला लावणं सुरू झालं होतं. त्याला फाइलमध्ये "वर्तन समस्या" असं लेबल लागलं. जो माणूस "अडकलंय" असं म्हणू शकत नाही तो हाताने काढायचा प्रयत्न करणारच ना?

घाबरू नका, हे ओळखता येतं. ओव्हरफ्लोमध्ये प्रमाण बहुतेक वेळा थोडं थोडं असतं, पॅडवर सतत डाग, टॉयलेटला बसवलं तर काहीच नाही, आणि आधीच्या आठवड्यात खडे किंवा कोरे दिवस. खऱ्या जुलाबात सहसा एकदम भरपूर होतं, कधी ताप असतो, कधी घरातल्या इतरांनाही झालेलं असतं. पण शंभर टक्के खात्री तुम्ही-आम्ही देऊ शकत नाही. डॉक्टर पोट दाबून बघतात, कधी गुदाशयाची तपासणी करतात, काकांच्या डाव्या बाजूला खाली कडक गोळा हाताला लागला. बोट घालून तपासणं किंवा गोळा काढणं हे काम शिकलेलं नसताना कधीही करू नका. आणि तोपर्यंत जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, आतडं आणखी थंड पडेल. इसबगोल पण नाही, आधीच तुंबलेल्या जागी आणखी भर कशाला?

काकांना डॉक्टरांनी शीत पाणी धरून ती मऊ करणारं मॅक्रोगोल चढत्या डोसने दिलं, पावडर सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच. सुरुवातीला गळती वाढली. इथेच टीम पुन्हा घाबरली आणि औषध बंद करायला निघाली होती, पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की गोळा सुटेपर्यंत असं होणार, म्हणून टिकलो. मग मोठाल्या शी झाल्या, आणि पोट मऊ झालं. त्यानंतर रोजचा डोस बरेच महिने चालू राहिला, कारण ताणलेलं गुदाशय परत आकसायला वेळ लागतो, लगेच बंद केलं की परत तेच. एक गोष्ट वेगळी सांगतो: ज्यांना गिळायला त्रास आहे आणि पाणी स्टार्चवाल्या थिकनरने घट्ट करून देता, त्यांच्यात मॅक्रोगोल मिसळलं की ते घट्ट पाणी पुन्हा पातळ होतं आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपिस्टला आधी विचारा.

रोजच्या रुटीनमध्ये मी फक्त एकावर हट्ट धरतो. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांत बसवा, पायाखाली स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर, थोडं पुढे वाकलेले, आणि दहा मिनिटांत झालं नाही तर उठवा. अर्धा अर्धा तास बसवून ठेवणं हा शॉर्टकटही नाही आणि उपायही नाही. त्या माणसाची शी येण्याआधीची खूण शोधा. काका बडबडीत आवाज करत असतात ते एकदम गप्प होतात आणि कोपऱ्याकडे बघतात. ते आता त्यांच्या चार्टच्या वर लिहिलंय, आणि तिथेच खाली हेही लिहिलंय की पातळ शी दिसली तर औषध थांबवायच्या आधी मागचे सात दिवस वाचा आणि नर्सला फोन करा.

उलटी, विशेषतः हिरवी किंवा शीच्या वासाची, फुगून दगडासारखं झालेलं पोट, रक्त, ताप, किंवा माणूस एकदम सुस्त पडला, यातलं काहीही असेल तर चार्ट-बिर्ट नंतर, आधी ॲम्ब्युलन्स.