सिकलसेल असताना गरोदरपण: लघवीच्या रंगावर विसंबू नका, पाणी मोजून प्या

जोखमीच्या गरोदर बायकांच्या तपासणी विभागात मी अनेक वर्षं परिचारिका म्हणून काम करते. सिकलसेल असलेली जी जी बाई समोर बसते, तिला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं: "भरपूर पाणी पी, आणि लघवी पांढरी होतेय ना, मग काळजी नको." यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे आणि दुसरं सिकलसेलच्या बाईसाठी सरळ चुकीचं आहे. बाकीच्या पायऱ्या मी थोडक्यात सांगते. पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण बहुतेक गडबड तिथेच होते.

पायरी १: तुमचा पॅटर्न कोणता ते कागदावर बघा

विद्राव्यता चाचणी, म्हणजे झटपट होणारी रक्ताची तपासणी, फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. तुम्ही वाहक आहात (एएस) की आजारी (एसएस), हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र असला, तर तोही आजारच धरायचा. "तू नुसती वाहक आहेस" असं तोंडी सांगितलेलं मी मान्य करत नाही. रिपोर्ट आणा.

एएस असाल तर खाली दिलेला मोजून पाणी पिण्याचा नेम तुम्हाला लागू नाही. वाहकांना सहसा दुखण्याचे झटके येत नाहीत. तहानेप्रमाणे पाणी प्या. वाहकांमध्ये लघवीचा संसर्ग जास्त दिसतो, म्हणून लघवीची तपासणी वेळेवर करून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवऱ्याची तपासणी लगेच करा. दोघंही एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आई एसएस आणि वडील एएस असतील तर ती ५० टक्के होते. गर्भाची तपासणी करायची असेल तर ती साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते, त्यामुळे नवऱ्याचा रिपोर्ट त्याआधी हातात हवा.

पायरी २: रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकमेकांशी बोलतील अशा ठिकाणी नाव नोंदवा

एसएस असलेल्या बाईला हे टाळता येत नाही, आणि याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. हिमोग्लोबिन ८ दिसलं की सिकलसेलची सवय नसलेले डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात, कधी रक्तही चढवतात. पण ८ हे तुमचं रोजचंच हिमोग्लोबिन असू शकतं. आधी बरंच रक्त चढलेलं असेल तर शरीरात लोहाचा साठा भरपूर असतो. म्हणून फेरिटिन तपासल्याशिवाय लोह घेऊ नका. रक्त चढवायचं ठरलं तर यापूर्वी कितीदा चढलं, कधी त्रास झाला का, हे आवर्जून सांगा, म्हणजे जुळणी जास्त बारकाईने होते.

रक्तदाबाचंही असंच असतं. सिकलसेलमध्ये तो मुळात कमी असतो. नेहमी १००/६० असणाऱ्या बाईचा १३०/८० झाला, तर दुसरीकडे "नॉर्मल" असं लिहिलं जाईल. तुम्हाला ओळखणारा डॉक्टर त्या आकड्यावर थांबेल, लघवीतली प्रथिनं बघेल.

गोळ्यांबद्दल: फॉलिक ॲसिड रोज ५ मिलीग्रॅम लागतं, नेहमीची छोटी गोळी पुरत नाही. साधारण बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या. झटके कमी व्हावेत म्हणून देतात ती हायड्रॉक्सियुरिया सहसा दिवस राहण्याच्या तीन महिने आधी थांबवतात. ती चालू असतानाच दिवस राहिले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पायरी ३: पाणी

तांबड्या पेशीतलं पाणी कमी झालं की आतलं सिकल हिमोग्लोबिन दाट होतं. पाक आटला की साखरेचे खडे धरतात, तसे त्याचे धागे जमू लागतात. पेशी कडक होते, विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि तिथे दुखणं उठतं. म्हणून अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. इथपर्यंत सगळेच सांगतात.

पुढचं मात्र सांगायचं राहून जातं. निरोगी माणसाचं पाणी कमी झालं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. त्यामुळेच रंगावरून अंदाज येतो. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात मात्र प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात, आणि सिकल पेशी अडकायला तेवढं पुरतं. तिथली हानी लहानपणापासूनच होत असते, म्हणून एसएस असलेल्या मोठ्या माणसाचं मूत्रपिंड लघवी दाट करूच शकत नाही. अंगात पाणी उरलेलं नसलं तरी लघवी भरपूर आणि फिकी होत राहते. आणि ज्या दिवशी पेशी जास्त फुटतात, त्या दिवशी पोटभर पाणी पिऊनही लघवी गडद दिसू शकते. रंग दोन्ही बाजूंनी फसवतो. हे मनावर घ्यायला मलाही वेळ लागला, कारण प्रशिक्षणात आम्हाला रंगच बघायला शिकवलेलं असतं.

म्हणून बघायचं नाही, मोजायचं. एक लिटरची बाटली ठेवा आणि दिवसाचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मूत्रपिंड आणि रक्तदाब ठीक असतील, तर ५० किलो वजनाच्या बाईसाठी तो बहुधा ३ लिटरच्या आसपास येतो. दूध, सूप, सरबत त्यातच धरा. दुपारपर्यंत निम्मं संपायला हवं. रात्री जेवणानंतर एकदम लिटरभर ढोसून आकडा पुरा केला तर उपयोग नाही, त्यातलं बरंचसं काही तासांत निघून जातं.

रात्रीची व्यवस्था वेगळी करा. लघवी दाट होत नसल्यामुळे तुम्हाला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि गरोदरपणात त्याहूनही जास्त. उठणं टळावं म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद करायचा सल्ला घरातली मोठी माणसं प्रेमाने देतात. तो ऐकू नका. लघवी होतच राहते, आत मात्र काही जात नाही, आणि पहाटे पाय किंवा कंबर दुखायला लागते. उशाशी पाणी ठेवा, जितक्यांदा उठाल तितक्यांदा अर्धा पेला प्या.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. एका दिवसात एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर पाणी गेलं असं समजा. चरबी एका रात्रीत इतकी उतरत नाही. लघवी जे लपवते ते वजनकाटा दाखवतो.

उलट्यांचे दिवस

पहिल्या तीन-चार महिन्यांत सगळ्यात जास्त धोका इथे असतो. एक उदाहरण घेऊ. बाई ५० किलोची, एसएस, दहावा आठवडा. सकाळपासून चार उलट्या झाल्या, दर वेळी अंदाजे पेलाभर, म्हणजे ८०० मिली गेलं. मळमळीमुळे दिवसभरात जेमतेम ७०० मिली प्यायली, म्हणजे पोटात गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर आलं. लघवी मात्र नेहमीसारखीच, फिकी आणि भरपूर. घरचे म्हणतात, "लघवी होतेय, म्हणजे पाणी आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर ४८.८. सव्वा किलोच्या आसपास गेलं. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ कोरडी पडली आहे, मांड्यांत ठणका सुरू झालाय.

हिने दुसऱ्या सकाळची वाट बघायलाच नको होती. दुसरी उलटी झाल्यावर मळमळीची, डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली गोळी घ्यायची, आणि दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे ओआरएस सुरू करायचं. घटाघट पिऊ नये, पोट ते परत फेकतं. अर्धा दिवस काहीच टिकत नसेल तर दवाखाना गाठायचा. बाकीच्या गरोदर बायकांना "उद्यापर्यंत बघू" म्हणता येतं, तुम्हाला नाही. गोळी आधीपासून घरात असावी म्हणून पहिल्याच भेटीत ती मागून घ्या.

जास्त पाणीही घातक

दवाखान्यात पोचल्यावर नेमकी याच्या विरुद्ध चूक होते: सलाईनवर सलाईन. झटक्याच्या वेळी साधारण किलोमागे ६० मिली, म्हणजे ५० किलोला २४ तासांत ३ लिटर, हे लक्ष्य तोंडाने आणि शिरेतून मिळून असतं. तुम्ही २ लिटर पिऊ शकत असाल तर शिरेतून एकच पुरे. त्यापलीकडचं पाणी फुप्फुसांत उतरू शकतं, आणि सिकलसेलमध्ये फुप्फुसांचा झटका हा जिवावरचा प्रकार आहे. किती प्यायलात याची वही सोबत न्या, नर्सला दाखवा.

रक्तदाब वाढला, लघवीत प्रथिनं आली, डोकं ठणकतंय, चेहरा सुजलाय, तर ३ लिटरचा नेम त्या क्षणी रद्द. तेव्हा पाणी किती ते डॉक्टरच ठरवतील. पाण्याचा आकडा इंटरनेटवरून, माझ्या या लेखातूनसुद्धा, परस्पर घेऊ नका असं मी म्हणते ते यासाठीच.

पायरी ४: दुखणं उठलं तर

अंग गरम ठेवा, पाणी प्या, ठरवून दिलेली पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आपल्या मनाने अजिबात नको: सुरुवातीचे तीन महिने आणि गरोदरपणाचा उत्तरार्ध, दोन्ही काळात त्या बाळाला त्रास देऊ शकतात. दोन-तीन तासांत उतार नसेल तर निघा. ताप ३८ अंश किंवा वर, छातीत दुखणं, धाप, ऑक्सिमीटरवर ९४ किंवा खाली, हातापायात अशक्तपणा, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एकही असेल तर तासभरसुद्धा थांबू नका.

तिथे मॉर्फिनसारखं तेज औषध दिलं तर घाबरू नका. गरज असताना ते गरोदरपणातही देतात. पेथिडिन मात्र सिकलसेलमध्ये टाळतात, कारण त्याने फिट येऊ शकते.

पायरी ५: बाळंतपण आणि नंतर

चोविसाव्या आठवड्यापासून बाळाची वाढ बघणारी सोनोग्राफी साधारण दर चार आठवड्यांनी करून घ्या. बाळंतपण बहुधा ३८ ते ४० आठवड्यांच्या दरम्यान ठरवतात. कळा सुरू असताना अंग उबदार ठेवा. तासन्‌तास उपाशीतापाशी ठेवणार असतील तर पाण्याचं काय, हे तेव्हाच विचारा.

बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, आणि आईचा झटका बऱ्याचदा त्याच दिवसांत येतो. दूध पाजताना पाणी आणखी लागतं. वजनाची आणि पाण्याची वही सहा आठवडे तरी चालू ठेवा. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात टोचायची इंजेक्शनं दिली असतील, तर ती ठरलेल्या दिवसापर्यंत पुरी करा. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा.